एका पानात मावणारं कोडं

शुक्रवारची संध्याकाळ आहे असं धरा. गेम जॅमची थीम आत्ताच जाहीर झाली आहे. हातात ४८ तास आहेत आणि टेबलाभोवती चौघं बसली आहेत. एक जण कोड लिहिणार, एक जण चित्रं काढणार, एक जण आवाज आणि संगीत बघणार, आणि लेव्हल रचायचं काम तुमच्याकडे आहे. थीम एखादी खरीच घेऊ. २०२३ च्या ग्लोबल गेम जॅमची थीम होती 'रूट्स', म्हणजे मुळं. खोलीभर एकदम बोलणं सुरू झालं आहे. कुणाला झाडाची गोष्ट सुचते आहे, कुणाला सुटलेलं गाव, कुणाला गणितातलं वर्गमूळ. तुम्ही मात्र एवढ्यात काही सुचवू नका. एक कोरा कागद पुढ्यात घ्या, आडवा ठेवा आणि पेनाचं टोपण लावलेलंच असू द्या.

या कागदावर पिच लिहायची आहे. ती कुणासाठी, हे आधी मनाशी ठरू द्या. प्रकाशकाला पाठवायच्या पिचमध्ये बाजार, खर्च, वेळापत्रक असं बरंच काही असतं. जॅममधली पिच वाचणारी माणसं तीनच आहेत आणि ती तुमच्या शेजारी बसली आहेत. ती हा कागद आत्ता एकदा वाचतील, आणि मग शनिवारी रात्री दोन वाजता, डोळे चुरचुरत असताना, भिंतीवर चिकटवलेल्या त्याच कागदाकडे पुन्हा बघतील. त्या वेळी तुम्ही कदाचित झोपलेले असाल. कोड लिहिणाऱ्याला एक प्रश्न पडेल आणि त्याचं उत्तर या पानावर असेल किंवा नसेल. नसलं तर तो स्वतःच्या मनानं काहीतरी ठरवेल, आणि सकाळी तुमच्या लेव्हल चालणार नाहीत. पान लिहिताना हा रात्री दोनचा वाचक नजरेसमोर ठेवा.

आता 'मुळं' या थीमकडे शांतपणे बघा. दृश्य लगेच दिसतं: काळी माती, पांढरट तंतू, वर हिरवं पान. ते जरा बाजूला राहू द्या. मुळं काय करतात, एवढंच मनात आणा. मुळं वाढतात. पाण्याकडे वळतात. एकदा जिथे गेली तिथून माघारी येत नाहीत. माती धरून ठेवतात. खडकाच्या फटीत शिरतात. यातल्या प्रत्येक क्रियेपाशी क्षणभर थांबा आणि विचारा, खेळणाऱ्याच्या हातात हे दिलं तर काय होईल? वाढणं म्हणजे सरकणं, ते तर प्रत्येक खेळात असतं. पाण्याकडे वळणं हे उद्दिष्ट झालं. पण 'माघारी येत नाहीत' हे वेगळं आहे. त्यानं खेळणाऱ्याकडून काहीतरी काढून घेतलं जातं. आणि 'धरून ठेवतात' यानं त्याला काहीतरी मिळतं. एकाच कृतीत काढून घेणंही आहे आणि देणंही आहे अशी जागा सापडली, तर तिथे बराच वेळ बसून राहा. पझल गेमचं बीज बहुतेक वेळा तिथेच असतं.

सोकोबान हा १९८२ सालचा जपानी खेळ आठवा. गोदामातला माणूस खोकी ढकलू शकतो, ओढू शकत नाही. 'ओढू शकत नाही' एवढ्यावर सगळा खेळ उभा आहे. ओढता आलं असतं, तर कोपऱ्यात गेलेलं खोकं परत आणता आलं असतं आणि विचार करायची गरजच उरली नसती. किंवा 'बाबा इज यू' घ्या. फिनलंडच्या आर्वी तेइकारीनं त्याचं पहिलं रूप २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये केलं, थीम होती 'नॉट देअर'. खेळाचे नियम म्हणजे पटावर पडलेले शब्द आहेत आणि ते शब्द ढकलून नियमच बदलता येतात. पूर्ण खेळ २०१९ मध्ये आला, त्यात दोनशेहून जास्त लेव्हल आहेत, पण तो समजावून सांगायला अजूनही तेवढं एक वाक्य पुरतं. तुमच्या पानालाही असं एक वाक्य हवं आहे. आता टोपण काढा.

पहिल्यांदा जे सुचेल ते लिहा. बहुधा ते असं असेल: 'झाडाचं मूळ पाण्यापर्यंत पोचवायचा एक शांत, सुंदर पझल गेम.' आता हे वाक्य कोड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचा. यातून त्याला काय टाइप करता येईल? 'शांत' आणि 'सुंदर' हे खेळून झाल्यावर दुसऱ्या कुणी म्हणायचे शब्द आहेत, ते खोडा. 'पोचवायचा' कसा, ते लिहिलेलंच नाही. पुन्हा लिहा: 'मुळाचं टोक पटावर एकेक घर पुढे सरकतं, मागे मूळ सोडतं, आणि मुळावरून परत जाता येत नाही.' आता कोड लिहिता येईल. पण हे वाक्य खेळून बघा, मनातल्या मनातच. पेन न उचलता आकृती काढायचं लहानपणचं कोडं झालं हे. चांगलं आहे, पण त्यात मूळ ही फक्त अडचण आहे. मगाशी सापडलेला दुसरा अर्धा भाग, ते धरून ठेवणं, यात आलेलं नाही.

म्हणून पटावर एक दगड ठेवा आणि वाक्य पुढे न्या: 'टोकानं ढकललेला दगड काहीतरी आडवं येईपर्यंत घसरत जातो, आणि आपलंच मूळ त्याला अडवू शकतं.' या वाक्यापाशी थांबा. जे मूळ आतापर्यंत वाट बंद करत होतं, तेच आता दगडाला हव्या त्या घरात थांबवतं. म्हणजे खेळणाऱ्याला प्रत्येक पावलाला दोन प्रश्न पडणार. इथून पुन्हा जाता येणार नाही, ते मला चालेल का? आणि इथे मूळ राहिलं तर पुढे कशाला उपयोगी पडेल? पानाच्या वरच्या भागात ही दोन्ही वाक्यं मोठ्या अक्षरात लिहा. गोष्ट, पात्रं, खेळाचं नाव यांची अजून घाई नाही.

आता कामाचा सगळ्यात मोलाचा भाग येतो आणि त्याला सावकाश वेळ द्यायला हवा. खेळात किती वस्तू आहेत ते मोजा. टोक, मूळ, दगड, पाणी. वाटेत एक खड्डाही हवा, कारण दगड कुठेतरी उपयोगी पडला पाहिजे: टोक खड्डा ओलांडू शकत नाही, दगड पडला की खड्डा बुजतो आणि वाट तयार होते. आणि पटाच्या कडेला भिंत. या सहांपैकी कोणत्याही दोन वस्तू उचला आणि एकमेकींसमोर आणा. दोघी भेटल्या की काय होतं? डोळे मिटून बघा आणि उत्तर एका ओळीत लिहा.

दगड मुळाला भेटला: थांबतो, मुळावर चढत नाही. दगड खड्ड्याला भेटला: पडतो, खड्डा बुजतो, दोन्ही नाहीसे होऊन साधी जमीन उरते. दगड पाण्याला भेटला? इथे बहुतेक टीम गप्प होतात. तो पाण्यावरून घसरत पुढे जातो, पाणी बुजवतो, की पाण्यापाशी थांबतो? तिन्ही उत्तरं शक्य आहेत आणि तिन्हींतून वेगळा खेळ निघतो. पाणी बुजणार असेल तर खेळणारा स्वतःच्या हातानं लेव्हल हरू शकतो. थांबणार असेल तर पाणी ही आणखी एक भिंत झाली. पहिल्या जॅमसाठी दगड पाण्यापाशी थांबतो असं ठरवणं मला सुरक्षित वाटतं, कारण त्यानं नवा नियम समजावून सांगावा लागत नाही. पण ठरवा आणि लिहा. दगड दगडाला भेटला: पहिला थांबतो, दुसरा हलत नाही. हे न ठरवता कोणी रात्री दोन्ही दगड हलतील असा कोड लिहिला, तर दोन दगड असलेली प्रत्येक लेव्हल बिघडते.

आणखी एक जोडी आहे जी सहसा सुटते. दगडाच्या अगदी पलीकडच्या घरात मूळ आहे, दगड हलूच शकत नाही, आणि टोक त्याला ढकलतं. टोक जागेवर राहतं हे सगळेच म्हणतील. पण ती एक खेळी धरायची का? मूळ वाढलेलं नाही, पटावर काहीच बदललेलं नाही, म्हणून धरायची नाही. ही बारीक गोष्ट अनडूच्या वेळी दिसते: खेळी धरली असेल तर अनडूचं बटण दाबूनही काही होत नाही आणि खेळणाऱ्याला बटण बिघडलंय असं वाटतं. ज्या खेळात पाऊल मागे घेता येत नाही, त्यात अनडू असलंच पाहिजे, आणि तेही लेव्हलच्या सुरुवातीपर्यंत हवं तितक्या वेळा. ते पहिल्याच पानावर लिहा. सुरुवातीपासून पटाची प्रत्येक खेळीनंतरची अवस्था साठवत गेलं तर काम सोपं असतं. रविवारी दुपारी अनडू बसवायला घेतलं तर सगळा कोड उलगडावा लागतो.

या जोड्या लिहून झाल्या की कागदाचा मधला भाग अजून रिकामा असेल. तो मुद्दामच राखायचा. स्टोन लायब्रँड या डिझायनरनं २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एका पानाच्या डिझाइनबद्दल व्याख्यान दिलं होतं. जाड दस्तऐवज कुणी वाचत नाही, म्हणून सगळं एका पानावर आणायचं, मध्यभागी चित्र आणि भोवती टिपा, अशी त्याची मांडणी होती. पझल गेमच्या पानावर मधलं चित्र कशाचं असावं? माझ्या मते एका पूर्ण लेव्हलचं. शीर्षकाचा पडदा, पात्राचं रेखाटन यांना तिथे जागा देऊ नये. एकच लेव्हल, सोडवता येणारी, आणि वरची दोन वाक्यं ज्यात खरी ठरतात अशी.

चला, ती रचू. पाच आडव्या ओळी आणि पाच उभ्या रांगांचा पट काढा. ओळी वरून खाली मोजा, रांगा डावीकडून उजवीकडे. चारही बाजूंना भिंत आहे. फक्त चौथ्या ओळीच्या उजव्या टोकाला भिंतीत वाट आहे: तिथे खड्डा, आणि खड्ड्यापलीकडे पाणी. दगड तिसऱ्या रांगेत दुसऱ्या ओळीवर ठेवा. टोकाची सुरुवात तळाच्या पाचव्या ओळीत, चौथ्या रांगेत.

आता खेळणारा म्हणून बघा. खड्डा बुजवायला दगड चौथ्या ओळीतून उजवीकडे घसरायला हवा. दगड आहे दुसऱ्या ओळीत. सरळ विचार असा की वर जावं आणि त्याला खाली ढकलावं. टोक वर गेलं, पहिल्या ओळीतून दगडाच्या डोक्यावर आलं, खाली ढकललं. दगड घसरत घसरत थेट तळाला, पाचव्या ओळीत जाऊन भिंतीला टेकला. एक घर जास्त गेला. ही हार महत्त्वाची आहे. काय हवं होतं ते खेळणाऱ्याला आता नेमकं कळलेलं आहे: दगडाखाली, पाचव्या ओळीत, तिसऱ्या रांगेत काहीतरी आडवं असायला हवं होतं. आणि आडवं ठेवायला त्याच्याकडे आहे काय? स्वतःचं मूळ.

म्हणून दुसऱ्या वेळी तो आधी तळानं डावीकडे जातो. तिसऱ्या रांगेतून पुढे दुसऱ्या रांगेत येतो, तिथून वर चढतो, पहिल्या ओळीत पोचतो, उजवीकडे एक घर, आणि दगड खाली ढकलतो. दगड मुळाला अडून बरोबर चौथ्या ओळीत थांबतो. खेळणाऱ्याला क्षणभर वाटतं की जमलं. मग दिसतं की दगड उजवीकडे ढकलायला त्याच्या डाव्या घरात उभं राहावं लागेल, आणि त्या घरात, दुसऱ्या रांगेत, आपण मघाशीच मूळ सोडून आलो आहोत. तेव्हा तिसऱ्या वेळी तो तळानं पार पहिल्या रांगेपर्यंत जातो, भिंतीलगत वर चढतो, वरून दगड ढकलतो, मग डावीकडे वळून मोकळ्या राहिलेल्या दुसऱ्या रांगेतून दोन घरं खाली येतो आणि उजवीकडे ढकलतो. दगड घसरतो, खड्ड्यात पडतो, आणि टोक त्याच्या मागोमाग पाण्यापर्यंत जातं.

हे बोटानं कागदावर खरोखर फिरवून बघा, घाई न करता. पाच बाय पाच घरांत एक दगड आणि एक खड्डा, तरी दोन वेळा समजूत बदलली. पहिल्यांदा कळलं की मूळ दगड थांबवतं. दुसऱ्यांदा कळलं की ते थांबवणारं मूळ पुढच्या वाटेचीही किंमत घेतं. म्हणजे वर लिहिलेली दोन्ही वाक्यं या एका लेव्हलमध्ये एकमेकांवर आदळली. असं होत नसेल, लेव्हल सोडवताना पहिलं वाक्यच पुरत असेल, तर ती लेव्हल मध्यभागी ठेवू नका, किंवा दुसरं वाक्य खोडा. कोड लिहायच्या आधी हे तपासता येतं, हाच पझल गेमच्या कागदाचा मोठा फायदा आहे. धावण्या-उड्या मारण्याच्या खेळात हातातला अंदाज कागदावर कळत नाही. इथे मात्र रबराचे तुकडे आणि चौकटीची वही पुरते.

रबराचे तुकडे ठेवून दुसऱ्या कुणाला तरी खेळायला द्या आणि त्याला सोपी पळवाट सापडते का ते बघा. लेव्हल रचणारा स्वतः ती पळवाट शोधू शकत नाही, कारण त्याची नजर ठरलेल्या वाटेवरूनच जाते. सापडली तर वाईट वाटून घेऊ नका. कधी कधी पळवाटच ठरवलेल्या उत्तरापेक्षा सुंदर असते आणि तीच लेव्हल पुढे चालते.

चित्राच्या उजवीकडे, अगदी थोडक्यात, इतर लेव्हलची नावं लिहा. फक्त कल्पना: 'परत येता येत नाही हे कळतं', 'दगड घसरतो हे कळतं', मग ही मधली, मग दोन दगडांची, मग मुळानंच केलेला कोपरा. चांगल्या आठ लेव्हल ४८ तासांत होतात. वीस होत नाहीत, आणि झाल्या तरी जॅमचे परीक्षक काही मिनिटंच खेळतात. पहिल्या दोन लेव्हलमध्ये एकही शब्द नसावा असं मला ठामपणे वाटतं. खेळणारा जे करून शिकू शकतो ते वाचायला लावू नये. आर्टिस्टसाठी दोन ओळी पुरतात: वाढलेलं मूळ आणि सरकणारं टोक लांबूनही वेगळं ओळखू यावं, आणि मूळ कोणत्या दिशेनं आलं ते वळणावर दिसावं. साउंडसाठी एक ओळ: दगड भिंतीला आपटल्याचा आणि मुळाला अडल्याचा आवाज वेगळा हवा, कारण सगळ्यात महत्त्वाची शिकवण तिथे आहे.

डाव्या बाजूला एक चौकट आखा आणि वर लिहा: 'यात नाही'. ही चौकट लिहायला मन घेत नाही, म्हणून इथे पुन्हा थोडं थांबा. गेल्या तासाभरात टेबलावर काय काय सुचलं ते आठवा. मूळ तोडायची कुऱ्हाड. दोन रंगांची मुळं. वेळेची मर्यादा. पाऊस. लेव्हल एडिटर. एकेक उचला आणि विचारा, यामुळे मधली लेव्हल अधिक चांगली होते का? कुऱ्हाड आली की परत येता येतं, म्हणजे पहिलं वाक्यच पडलं. वेळेची मर्यादा आली की अनडूचा अर्थ जातो, माणूस विचार करायचा थांबतो. दोन रंगांची मुळं चांगली कल्पना असेल, पण तिच्यामुळे जोड्यांची यादी जवळजवळ दुप्पट होते. प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंना भेटणार आहे हे विसरू नका. या सगळ्या कल्पना चौकटीत नावानिशी लिहा. सुचवणाऱ्याला आपली कल्पना कागदावर दिसते, आणि ती का नाही हे शनिवारी पुन्हा वाद न घालता सगळ्यांना आठवतं.

पान भरलं. आता ते शेजारच्या टेबलावरच्या, तुमच्या बोलण्यातलं काहीही न ऐकलेल्या कुणाला तरी द्या. एक मिनिट वाचू द्या, मग पान काढून घ्या आणि एकच विचारा: "दगड कसा थांबतो?" तो म्हणाला, "भिंतीला किंवा आपल्याच मुळाला अडून," तर पान तयार आहे. तो म्हणाला, "काहीतरी झाड वाढवायचंय ना?" तर वरची दोन वाक्यं अजून अक्षरांत बुडाली आहेत; भोवतीचा मजकूर कमी करा. "छान वाटतंय" हे उत्तर धरू नका. त्यातून काही कळत नाही.

उरलं तासांचं वाटप, आणि त्याला फार वेळ देऊ नका. शुक्रवारी झोपण्याआधी टोक, मूळ, भिंत आणि अनडू चाललं पाहिजे, तेही नुसत्या रंगीत चौकोनांत. शनिवारी दुपारपर्यंत दगड, खड्डा आणि मधली लेव्हल, आणि ती टीमबाहेरच्या किमान दोघांनी खेळून झालेली. त्या दोघांपैकी एकानंही मुळाचा दगड थांबवायला उपयोग स्वतःहून केला नाही, तर त्याच वेळी पान भिंतीवरून काढा आणि लेव्हल एक आणि दोन नव्यानं रचा. चित्रांचं काम शनिवारी दुपारनंतर. रविवारी सकाळनंतर नवा नियम नाही, नवी वस्तू नाही. फक्त लेव्हलचा क्रम, आवाज, आणि ब्राउझरमध्ये चालणारी फाइल वेळेआधी तासभर चढवून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघणं.

आणि कागदावर बदल झाला की तो पेनानं, तारीख-वेळ टाकून, त्याच पानावर करा. 'शनि. ११.४०: दगड पाण्यापाशी थांबत नाही, वरून जातो. लेव्हल ५ बदलली.' एवढी ओळ पुरते. चौघांपैकी ज्यानं बदललं त्यानं इतर तिघांना ती मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि तिघांनी आपापल्या कामात त्यामुळे काय हलतं ते तिथल्या तिथे सांगायचं.